पावसाळी भज्यांचा मजकूर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या वहिनीचे आहेत. आईवडिलांचं नाव आधी घेत नाही, याचं लोकांना नवल वाटतं. आईवडिलांनी मला वाढवलं, पण आमच्या घरातलं कोणी कॉलेजात जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. त्यांनी माझी वही उलटून पाहिली आणि दादांना म्हणाल्या की याला शेतात घालायचं नाही. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकल्या होत्या. पुढे उमरखेडच्या रस्त्यावर, फुलसावंगीकडे वळणाऱ्या फाट्याच्या अलीकडे, दादांनी पत्र्याचं हॉटेल टाकलं. चहा दादांचा, भजे वहिनीचे. त्या भज्यांवर मी यवतमाळला राहून बी.ए. झालो. महिन्यातून एकदा एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी पुडकं यायचं. भजे गार झालेले असायचे, पण कागद उघडला की खोलीतली पोरं अभ्यास सोडून गोळा व्हायची.

आता मी वणीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. मागच्या श्रावणात पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेलो, तेव्हा फाट्याच्या पलीकडे नवा ढाबा झालेला होता. रंगीत दिवे, मोठं पार्किंग. संध्याकाळी ट्रक तिकडेच थांबत. दादा चहाचं भांडं घासून पुन्हा पालथं घालत होते. वहिनी मला म्हणाल्या की पावसाच्या दिवसांत संध्याकाळी चहा-भज्यांचं काही खास करू, त्याचा बोर्ड लावू, फोनवरही पाठवू. तुम्ही शिकलेले आहात, मजकूर तुम्ही लिहा.

मी मन लावून लिहिला. निसर्ग, धरती, थेंबांचं संगीत असं बरंच काही घातलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"भाऊजी, यात भजे कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "हे तर शाळेतल्या भाषणावानी झालं."

दादा हसले. त्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, म्हणून नुसतेच हसले. ते दुधाचे कॅन घेऊन बाहेर गेल्यावर वहिनी जवळ आल्या.

"असं लिहा का वाचून मले वास आला पाहिजे."

"तुम्हाले तर रोजच येते," मी म्हणालो.

"नाही येऊन राह्यला." त्या कांदे सोलत होत्या, मान वर केली नाही. "हिवाळ्यात ताप आलता न, तवापासून कशाचाच नाही. सांभाराच्या जुडीचा नाही, रॉकेलचा नाही. तुमच्या भावाले नोका सांगू. त्यायले खर्र्याशिवाय दुसरा वास ठाऊक नाही, म्हणून त्यायच्या ध्यानात नाही आलं. समजलं तर हॉटेल बंद करतीन."

मी घाबरलो. कारण वहिनींचं सगळं काम नाकावर चालायचं, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्या हॉटेलात बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय घरचं कोणी तोंडात काही टाकत नाही. पहिल्या घाण्यातलं एक भजं चुलीला, मग पहिली प्लेट गिऱ्हाइकाला. त्याआधी चव घ्यायची नाही, मीठसुद्धा चाखायचं नाही. हा नेम वहिनींच्या सासूचा, म्हणजे माझ्या आईचा. आई गेल्यावर वहिनींनी तो जास्तच कडक केला. मग आत काय चाललं आहे हे कळणार कसं? वासाने. सरकीच्या तेलाचा कच्चा वास गेला की कढई तयार. बेसनाचा कच्चा वास गेला की घाणा काढायचा. तेल जुनं झालं, कांदा आतून सडका निघाला, तर हात लावण्याआधी त्यांना कळे.

मी त्यांना यवतमाळला नेलं. दादांना सांगितलं की वहिनींच्या डोळ्यांचा नंबर काढायचा आहे. डॉक्टर चांगले होते. तापानंतर असं होतं, म्हणाले. कधी वास परत येतो, कधी वर्ष लागतं, कधी येत नाही. लवंग, लिंबू अशा वस्तू रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, त्यांचा मूळचा वास आठवून आठवून. गोळी काही नाही. वहिनी येताना एसटीत खिडकीशी बसून लिंबू हुंगत होत्या. बाजूच्या बाईला वाटलं, मळमळतं. तिने प्लास्टिकची पिशवी काढून दिली. वहिनींनी ती घेतली आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मजकूर मी पुन्हा लिहिला. या वेळी त्यांच्याशेजारी बसून, त्या काय करतात ते पाहत लिहिला. वहिनी कांदा उभा, पातळ चिरतात आणि हाताने पाकळ्या मोकळ्या करतात. मीठ, तिखट, हातावर चोळलेला ओवा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून झाकून ठेवतात. कांद्याला पाणी सुटलं की ते पाणी मागेल तेवढंच बेसन भुरभुरतात. वरून पाण्याचा थेंब नाही. शेवटी चमचाभर कडकडीत तेल. पावसाळी कांद्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून त्या दिवसांत मीठ अगदी कढई तापल्यावर लावायचं. दादा चहाला आधी पाण्यातच अद्रक उकळतात. दुधात कच्चं पडलं तर दूध फाटतं.

बोर्डावर शेवटी हे आलं:

"पाऊस थांबायची वाट पाहू नका. गाडी बाजूला घ्या. कढईत कांदा पडला की होणारा आवाज पत्र्यावरच्या पावसातही ऐकू येतो. ओवा तडतडतो, सांभाराचा हिरवा वास तेलात उतरतो, आणि बेसन सोनेरी झालं की तो वास रस्ता ओलांडून येतो. सोबत तळलेली मिरची, मीठ लावून. शेजारच्या चुलीवर अद्रकाचा चहा, दोनदा वर आलेला. पेला दोन्ही हातांनी धरा, आधी हात शेकू द्या. रोज संध्याकाळी, पाऊस असेपर्यंत."

मी वाचून दाखवला. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचला. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "चांगला हाय. लोकायले येईन."

लोकांना आला. फोनवर तो मजकूर या गटातून त्या गटात फिरला. फवारणीवरून परतणारे शेतकरी, शाळेतले शिक्षक, ट्रकवाले, सगळे थांबू लागले. एका ड्रायव्हरने सांगितलं की पुसद सोडल्यापासून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दादा चहाचं भांडं पालथं घालायचं विसरले. पण एवढ्या भज्यांना बेसनही तेवढंच लागे. आधी वहिनी रोज शेर-अर्धा शेर डाळ गिरणीतून दळून आणत. आता झड लागली होती, गिरणीची लाईट सारखी जायची. म्हणून लाईट आली त्या दिवशी त्यांनी पुढच्या दिवसांचंही दळून ठेवलं, पत्र्याच्या डब्यात. दळलेलं पीठ गरम असतानाच झाकण लावलं, आणि बाहेर चार दिवस सूर्य दिसला नाही.

त्या संध्याकाळी पाऊस आडवा लागला होता. मी बाहेर ताडपत्री बांधत होतो, मग चहाचे पेले पोचवत होतो. ओल्या लाकडांचा धूर, अद्रकाची वाफ, भिजलेल्या माणसांचा दमट वास, यात वेगळं काही कळण्याजोगं नव्हतं. वहिनींनी एक भजं चुलीला दिलं. पहिली प्लेट गेली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. भजे दिसायला नेहमीसारखेच होते, जाळीदार, कुरकुरीत.

मग माझं लक्ष प्लेटींकडे गेलं. माणसं भजं मोडत होती, हुंगत होती, ठेवत होती. मी एका प्लेटीतलं उचललं. बोहनी झाली होती, म्हणून खाल्लं. बेसन कुबटलेलं होतं. घासाबरोबर कडवट, ओल्या पोत्यासारखा वास नाकात चढला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक म्हातारे शेतकरी प्लेट पूर्ण खाऊन उठले. पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आज हात नाही बसला. होते कधी कधी." मागून कोणीतरी बोललं, "बोर्ड वाचून पोट भरलं बाप्पा, भज्याची गरजच नाही." दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.

वहिनींनी झारा कढईत तसाच सोडला. माझ्याकडे पाहिलं. दादांसमोरच विचारलं, "वास येते काय?"

"येते," मी म्हणालो.

"कसा?"

मला सांगता आलं नाही. खरं तर शब्द होते, पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारत होत्या, आणि मी ते उच्चारू शकलो नाही. दादांनी खर्रा थुंकून दिला आणि पहिल्यांदा विचारलं, काय झालं? वहिनींनी सांगितलं. पावसात, गिऱ्हाइकांसमोर, जे सहा महिने लपवलं होतं ते दोन वाक्यांत सांगितलं. दादांनी पिठाचा डबा उचलला आणि मागच्या नाल्यात रिकामा केला.

मी म्हणालो, बोहनीचा नेम सोडा, घाण्याआधी दादा चाखतील. वहिनी म्हणाल्या, तुमच्या भावाला खर्र्याने तिखट-मीठही कळत नाही. मी म्हणालो, बाई ठेवू. त्या म्हणाल्या, ठेवा. आणि माझ्याकडे पाठ करून कढई घासायला घेतली. सुट्टी संपली. मी वणीला परत आलो. पंधरवड्याने दादांचा फोन आला की भजे बंद केले, आता फक्त चहा आणि बिस्किटं. वहिनी फोनवर यायला तयार नव्हत्या. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

*ती. वहिनीस,*

*सा. न.*

*दादांनी सांगितलं. तुम्ही पुन्हा सुरू करा असं मी लिहिणार नाही. तुम्हाला स्वतःला कळत नाही ते दुसऱ्याला खाऊ घालायचं नाही, हे तुम्ही ठरवलं असेल. मला शिकवलंत, पण यावर उपयोगी पडेल असं मी काही शिकलो नाही.*

*इथल्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनीही वाट पाहा एवढंच सांगितलं. लवंग, लिंबू चालू ठेवा. कंटाळा आला तरी ठेवा.*

*तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, वास कसा येतो. तेव्हा मी गप्प राहिलो. बेसन कुबटलेलं होतं, ओल्या पोत्यासारखं. तुमच्या हाताचा दोष नव्हता. मीठ बरोबर होतं, कांदा बरोबर होता, तळणीही. एवढं तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.*

*बोर्ड उतरवू नका म्हणालात असं दादा म्हणाले. लोक वाचून भजे मागतात आणि तुम्ही नाही म्हणता. वहिनी, तो बोर्ड उतरवा. तिकडे येऊन तो वाचायचा धीर मला होणार नाही.*

*दिवाळीला येतो. काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण येतो.*

*तुमचा,*
*धाकटा दीर*