मास्तरांच्या अंगातलं लोह

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या, स्वतःची कधी मोजली नाही. स्वतःची पॅन्ट ते अंदाजाने कापत आणि तो अंदाज दर वर्षी थोडा सैल धरत. पुरुषांचे कोट शिवणारा माणूस, दिवसभर ट्यूबलाइटखाली उभा, तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलणं कमी आणि लोकांचा समज असा, की मास्तर फार विचारी आहेत.

सुरुवात बोटांपासून झाली. कात्री चालवताना उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं मूळ, मूठ वळली की उंचवटे येतात ती जागा, दुखायला लागली. मग डाव्या हाताचीही तीच दोन बोटं. पाठोपाठ थकवा आला. गिऱ्हाईक आरशासमोर बाही बघत असताना मास्तरांना उभ्या उभ्या डुलकी लागायची. बायकोने यावर स्वतःच निदान केलं आणि लोहाचं टॉनिक आणलं. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, वर लिंबाचं सरबत, कारण बाटलीवर लिहिलं होतं की आंबटासोबत घेतलं की चांगलं लागू पडतं. काही महिन्यांनी मास्तरांचा रंग सावळा, तांबूस झाला. गिऱ्हाइकं विचारू लागली, "काय मास्तर, समुद्रावर जाऊन आलात वाटतं?" मास्तर दुकान आणि घर सोडून कुठेच गेले नव्हते. बायको म्हणाली, टॉनिकने तेज आलं.

घरचे जुने डॉक्टर मात्र तेजावर समाधान मानणारे नव्हते. त्यांनी रक्त तपासलं. यकृताचे आकडे जरा वर, आणि फेरिटिन नऊशेच्या पुढे; पुरुषाचं तीनशेच्या आसपास असलं तर कोणी काही म्हणत नाही. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली.

"फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची खूण," डॉक्टर म्हणाले, "पण तेवढीच नाही. अंगात कुठे सूज असली की तेही चढतं, यकृतावर चरबी असली तरी चढतं. तुमची बोटं सुजलीत, पोट तर समोरच दिसतंय. चाला, वजन उतरवा."

यात डॉक्टरांचं फारसं चुकलं नाही. असं पोट आणि असा आकडा घेऊन येणाऱ्या बहुतेकांना हाच सल्ला लागू पडतो. मास्तर बहुतेकांत मोडत नव्हते, एवढंच.

पण घरी गेला तो सल्ला नाही, 'यकृत' हा शब्द गेला. आणि त्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता.

मास्तरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, यकृतानेच गेले होते. पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली आणि संपले. दादा म्हणत, मी थेंबाला शिवलो नाही. शेवटच्या आठवड्यातही हेच म्हणत होते. पण दारुडा कधी कबूल करतो का? आगीशिवाय धूर निघत नाही, असं घरातले वडीलधारे काका म्हणाले आणि काकांचं बोलणं घरात खोडायची पद्धत नव्हती. बाटली कधी कोणाला दिसली नाही, यावरून इतकंच सिद्ध झालं की दादा फार हुशारीने पीत असणार.

आता मास्तरांची पाळी होती. एका दुपारी बायको दुकान झाडायला म्हणून आली, जे तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं. कापडाचे तागे हलवले, इस्त्रीच्या टेबलाखाली वाकली, जुन्या बटणांचे डबे उघडून बघितले. तिला गेल्या वर्षी हरवलेला अस्तराचा अख्खा गठ्ठा सापडला. बाटली सापडली नाही. तिचा चेहरा बघून मास्तरांना दादा आठवले. दादांच्या बाबतीतही नेमकं हेच झालं होतं, काही न सापडण्यानेच संशय वाढत गेला होता.

मास्तर चालू लागले, जिद्दीने. काही महिन्यांत स्वतःच्याच पॅन्टा त्यांना आत घ्याव्या लागल्या. यकृतावरची चरबी घटली. फेरिटिन बाराशेवर गेलं.

"वजन उतरलं आणि हे चढलं?" जुने डॉक्टर चष्मा काढून म्हणाले. साप साप म्हणून भुई धोपटत राहण्यात अर्थ नाही, हे ओळखायला लागणारा मोठेपणा त्यांच्याकडे होता. त्यांनी चिठ्ठी लिहून मास्तरांना मोठ्या दवाखान्यातल्या यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाई तरुण होत्या आणि त्यांचा चेहरा कशानेही हलत नसे. त्यांनी विचारलं, "दारू?"

"नाही," मास्तर म्हणाले. बायको छताकडे बघू लागली.

"बरं," म्हणून बाईंनी 'नाही' असं लिहिलं. मास्तर त्या कागदाकडे बघतच राहिले. त्या घराण्यातल्या माणसाने या प्रश्नाला 'नाही' म्हटलं आणि समोरच्याने ते तसंच लिहून घेतलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"औषधं? टॉनिक वगैरे?"

आता छताकडे बघायची पाळी मास्तरांची होती. बायकोने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ती जाईल तिथे न्यायची, न जाणो एखादी वेळ चुकली तर.

"हे आजपासून बंद. सरबतही. टॉनिक चालू असताना रक्तातल्या लोहाचा आकडा फसवतो. काही आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी या, सगळं परत बघू." मग त्यांनी मास्तरांचे हात हातात घेऊन चारही दुखऱ्या मुळांवर दाबून पाहिलं. मास्तर कळवळले. बाईंनी तेही लिहिलं.

दुसऱ्या खेपेला रिपोर्ट समोर होता. फेरिटिन बाराशेच्या घरात. सूज दाखवणारी तपासणी अगदी नॉर्मल. आणि तिसरा एक आकडा, जो आधी कोणी काढलाच नव्हता.

"रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं, ट्रान्सफेरिन," बाई म्हणाल्या. "ते किती भरलंय, हे टक्क्यांत मोजतात. अंगात सूज असली की शरीर लोह कोठारात कोंडून ठेवतं. फेरिटिन वाढतं, पण वाहून नेणारं हे प्रथिन मात्र कमीच भरलेलं असतं. चरबीच्या यकृतात फेरिटिन वाढतं, पण हा टक्का बहुतेक वेळा जागचा हलत नाही, पंचेचाळीसच्या आत असतो. तुमचा अठ्ठ्याहत्तर आहे. टॉनिक बंद करून, उपाशीपोटी."

मास्तर म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत छाती मोजून कोट कापत होतो. पोटाचं माप घेतलंच नव्हतं."

"तसंच," बाई म्हणाल्या. "दोन्ही मापं एकदम वर असली की मग लोह खरंच साठतंय का, ते शोधायचं. घरात यकृताचं कोणाला होतं?"

बायको चटकन म्हणाली, "यांच्या दादांना. पण ते वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे?"

मास्तरांनी आपल्याला येत होतं तसं सांगितलं. दादांचा एकच कोट त्यांनी शेवटच्या वर्षांत पुन्हा पुन्हा उसवला होता. दर वेळी खांदे आत घ्यायचे आणि कंबर बाहेर सोडायची. असं माप माणसाचं नसतं, हे त्यांना तेव्हाही जाणवलं होतं. दादांना साखरेचा आजार लागला होता. रंग काळवंडला होता. सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. घरचे म्हणत, पिऊन हात कापतात. दादा म्हणत, कापत नाहीत रे, बोटं दुखतात. हे सांगताना मास्तरांनी नकळत आपली दोन बोटं पुढे केली.

बाई पहिल्यांदाच लिहायच्या थांबल्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. एमआरआयमध्ये यकृतात लोहाचा साठा दिसला. जनुकांच्या तपासणीत दोष निघाला, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रतींत. म्हणून आतडं गरजेपेक्षा जास्त लोह आत घेत होतं, जन्मापासून. यकृत कडक झालं होतं, पण सुकून दगड झालं नव्हतं. वेळेत आलात, असं बाई म्हणाल्या. उपाय जुनाच, दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं, नवं रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं. फेरिटिन पन्नासच्या आसपास आलं की मग अधूनमधून. बोटं कदाचित दुखत राहतील. चहा प्यायला हरकत नाही, जेवणासोबत तर उलट बराच, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. चहा प्या म्हणणारा डॉक्टर मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

निघताना मास्तर दारात थांबले. "बाई, दादांनाही हेच होतं असं लिहून द्याल का? एका ओळीत?"

"मी त्यांना पाहिलं नाही. लिहून नाही देता येणार." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सख्ख्या भावाला हे असण्याची शक्यता चारात एक असते. तुम्ही सांगितलंत ते ऐकून मी सगळ्यात आधी हेच तपासलं असतं. ते पीत होते की नाही, हे मात्र लोह सांगत नाही. त्यांची मुलं आहेत का? त्यांना रक्त तपासायला सांगा."

म्हणून मास्तर वहिनींकडे गेले. पुतणीला तपासून घ्यायचं, हे निमित्त खरंच होतं. वहिनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. तिथे दादांचा फोटो नव्हता. कपाटात आहे, असं त्या म्हणत.

मास्तरांनी सगळं सांगितलं. फेरिटिन, टक्का, दोन मापं, चारात एक. बाईंनी लिहून दिलं नाही, हेही सांगितलं, कारण दादांसाठी खोटं बोलायला गेलो तर दादांचंच खरं बुडेल, असं त्यांना वाटलं.

वहिनींनी चहा गाळला. कप पुढे ठेवला. मग बसल्या.

"भाऊजी, मी रोज दाराशी उभी राहायचे. ते कामावरून आले की."

"माहीत आहे. आम्ही सगळे बघायचो."

"तोंडाजवळ जायचे त्यांच्या. वास घ्यायला." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "वास कधीच आला नाही. काका म्हणाले, बिनवासाचीही मिळते. मग मी आणखी जवळ जायला लागले."

मास्तरांचा चहा तसाच राहिला.

"आणि ते?"

"ते काय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वाटायचं, बायको वाट बघते. जिना चढताना धाप लागायची, तरी हसत वर यायचे."