बेबीताईंची ओळ

शेगावच्या एका लहान दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर बेबीताई इंगळे एकोणीस वर्षं सिस्टर लोकांचा ड्युटीचा तक्ता हातानं लिहीत आल्या. कधी अडलं नाही. मग डॉक्टरांनी कॉम्प्युटर आणला आणि तक्ता आता एक्सेलच्या सॉल्व्हरनंच, म्हणजे अटी भरल्या की आपोआप उत्तर काढणाऱ्या सोयीनंच, लावायचा, असं फर्मान काढलं.

बेबीताईंनी अटी घातल्या. सहा सिस्टर, रोज तीन पाळ्या, पाळीला दोघी. गुरुवारी दर्शनाची गर्दी, म्हणून सकाळी एक जादा. दिवसाला एकीची एकच पाळी, आठवड्याला प्रत्येकीची एक सुटी. बटण दाबलं. सगळ्या अटी पाळणारं उत्तर सापडत नाही, असं पडद्यावर आलं. तीनदा तेच.

"इतके वर्षं तक्ता बसत होता, आता काऊन बसत नाही?" त्या कावल्या.

कारकून शालिग्रामभाऊंनी बोटांवर मोजलं. "ताई, आठवड्याच्या ड्युट्या त्रेचाळीस. सहा जणी सहा-सहा दिवस, म्हणजे छत्तीस. बाकीच्या सात कोन करते?"

बेबीताईंनी जुना तक्ता काढून पाहिला. इन्चार्जचं नाव तक्त्यात लिहायची रीतच नव्हती. जिथं कमी पडेल तिथं त्या स्वतः उभ्या राहत.

त्यांनी आपली एक ओळ वाढवली, इतरांसारखीच सुटीची अट घातली. उत्तर नाहीच, आता एक ड्युटी कमी पडत होती. मग फक्त स्वतःच्या सुटीची अट त्यांनी खोडली.

तक्ता लगेच लागला. प्रत्येकीच्या ओळीत एक वार रिकामा होता. बेबीताईंच्या ओळीत एकही नव्हता.

"बघा," डॉक्टर सही करत म्हणाले, "निघालं की नाही उत्तर?"