बर्फाचं पाप

आमच्या सासऱ्यांना, सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, परक्याच्या हातचं पाणी चालत नसे. नंदुरबारला जायचे तरी घरचं पाणी घेऊन. स्टेशनावर सुरतेहून भुसा घातलेल्या गोणपाटात बर्फ उतरायचा. त्याकडे तर ते बघायचेही नाहीत. कुणी केला, कुठल्या पाण्याचा केला, कुणाच्या हाताचा, असं म्हणत. प्रश्न बरोबर होता. फक्त तो त्यांनी आपल्या घरात कधी विचारला नाही, आणि त्याचाच राग मला अजून येतो.

आमचा ऊस तापीकाठच्या काळ्या जमिनीतला. उन्हाळ्यात तो स्टेशनाजवळच्या रसवाल्याकडे जायचा. निंबाखाली हातानं फिरवायचा चरक, एक बाकडं, एवढंच त्याचं दुकान. त्याला साळलेला, साल काढलेला ऊस हवा असे, म्हणजे मेण आणि माती रसात उतरत नाही आणि रस स्वच्छ दिसतो. म्हणून आदल्या दुपारी आम्ही सुना अंगणात बसून ऊस साळायचो. संध्याकाळी गाडी भरायची, साळलेला ऊस सुकू नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि रात्रभर चालून सकाळी गाडी नंदुरबारात पोचायची.

आता हे गोणपाट कशानं ओलं करायचं? विहिरीचं पाणी डोक्यावरून आणलेलं, पिण्याचं, देवाचं. ते उसावर ओतायचं म्हणजे मस्ती आली की काय, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सुनावलं होतं. म्हणून बादली घेऊन मागच्या नाल्यावर जायचं. तिथे म्हशी बसत आणि पहाटे अर्धा गाव बहिर्दिशेला जाई. बादली मी भरायची, शिंपडायचीही मीच. मला घाण वाटायची, पण बोलायची सोय नव्हती. ऊस काय, दिसायला पांढरा आणि चमकदार. ज्याला आपण तोंड लावणार नाही त्याला नाल्याचं पाणी चालतं, अशी आमची शुद्धी.

त्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेला कावीळ झाली. सोळा वर्षांची, लग्न ठरलेली. डोळे हळदीसारखे. वैद्यबुवांनी पथ्य सांगितलं: तेल नको, मिरची नको, बर्फ तर मुळीच नको, उसाचा रस द्या. आबांना हे फार पटलं. ऊस घरचाच.

उसाच्या गाडीतच तिला आणि मला बसवलं. सकाळी चरक सुरू होण्याआधीच आम्ही पोचलो. रसवाला गडी परगावचा, पण नेटका. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून त्यानं चरकाच्या रुळांवर ओतलं, फडक्यानं पुसलं, मग आमच्या गाडीतला ऊस घातला. त्याच्या गिलासाला हात लावायचा नाही असं आबांनी निघतानाच बजावलं होतं, म्हणून घरचा पितळी लोटा आम्ही नेला होता. त्यात त्यानं रस काढून दिला, बर्फाशिवाय. नणंद तिथेच दोन लोटे प्याली. मला म्हणाली, "वहिनी, किती गोड शे." मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली, मग ओकाऱ्या. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, आवाज बसला. मी तिच्याजवळून हलले नाही. भाताची पातळ पेज मीठ घालून चमच्याचमच्यानं पाजत होते आणि मनात म्हणत होते, पोरी, जाऊ नकोस.

आबांनी मात्र हगवणीच्या दुसऱ्याच दिवशी घोडी काढली. नंदुरबारला जाऊन नगरपालिकेत अर्ज दिला, की रसवाल्याच्या बर्फानं माणसं मरायला लागली, त्याला उठवा. त्या आठवड्यात स्टेशनावरचे तीन-चार हमालही पोटानं लोळत होते, म्हणून अर्ज लगेच खरा ठरला. निंबाखालचा चरक उचलून नेला. रसवाला आमच्या ओट्यापर्यंत आला, हात जोडून म्हणाला, "आबा, मी बरफ टाकाच नही. तुमनी सुनना हातमा लोटा दिधा व्हता." आबांनी त्याला खाली उभं ठेवलं. "बरफमुयेच मन्ही पोर मराले टेकनी. चाल, नींघ." तो गेला. मी दाराआड होते, आणि तिथेच गप्प राहिले. माझ्याइतकी साक्षीदार दुसरी कोण होती?

आठ दिवसांनी गावात सॅनिटरी इन्स्पेक्टर आला. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, अफवा उठली होती, म्हणून विहिरीत लाल औषध टाकायला. नणंद तोवर वाचली होती, ओसरीवर खाटेला खिळून होती. आबांनी त्याला ओसरीत बसवून बर्फाची कथा सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, बर्फ धुतल्या तांदळासारखा नाही हे खरं. बर्फ म्हणजे पाणीच, वाईट पाण्याचा केला तर वाईटच, थंडीनं त्यातली घाण मरत नाही. शिवाय तो फलाटावर घासत नेतात, भुशाच्या हातानं फोडतात. "पण पोरीच्या रसात तो होता का?"

आबा म्हणाले, "असेलच."

नणंद खाटेवरून म्हणाली, "नव्हता."

"गिलास?"

"घरचा लोटा."

"मग साळलेला ऊस रात्रभर ओला ठेवता, त्यावर पाणी कुठलं?" असं त्यानं विचारलं; ओल्या गोणपाटाखालच्या उसाच्या गाड्या त्यानं स्टेशनावर पाहिल्या असणार. साल काढलेल्या उसाला हवा लागली की तो आंबतो, कापलेली टोकं लाल होतात, माश्या बसतात, आणि वरचं पाणी चरकातून रसासकट थेट पेल्यात येतं, हेही तोच म्हणाला. रस ताजा काढला म्हणून ऊस ताजा ठरत नाही.

मग आबा म्हणाले, "पाणी चांगलंच शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ठीक. मी पदर डोक्यावर ओढला, मागच्या दारानं निघाले, तोच पितळी लोटा नाल्यात बुडवला आणि आणून आबांच्या पुढ्यात ठेवला. पाणी गढूळ होतं, वर गवताची एक काडी तरंगत होती.

इन्स्पेक्टरनं लोट्यात डोकावून विचारलं, "हेच का ते?" मी मान हलवली.

आबांनी लोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं कुणाच्या हातचं पाणी पिऊ नये हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांचा हात मांडीवरून हलेना. मला वाटलं, आता ओरडतील. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं, म्हणजे मला रडता आलं असतं. ते नाल्याचं पाणी मीच भरून आणत होते ना.

तेवढ्यात खाटेवरून नणंद, बसलेल्या आवाजात, म्हणाली, "पी ल्या ना, आबा. मी बी तेच पिनू."

आबांनी लोट्याला हात लावला नाही. ते उठले, बाहेर गेले आणि गाडी जुंपायला सांगितली. नगरपालिकेतला अर्ज मागे घ्यायला ते स्वतः गेले. रसवाल्याला काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण त्या गाडीत ऊस होता, आणि तो साळलेला नव्हता.