मी हाताने सरळ केलेलं वाक्य

आयर्लंडमधल्या शॅननच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या भाषांतर कंपनीत मी काम करते. भाषांतर करणारे वेगळे. त्यांचा मजकूर पत्रकात नीट बसवायचा, हे माझं काम. अरबीतलं एक अक्षर मला वाचता येत नाही, तरी अरबी पत्रकंही मीच लावायचे आणि वर त्याचा टेंभा मिरवायचे.

अरबीचं काम ट्रलीत राहणाऱ्या एक सुदानी बाई करायच्या. माझ्या आईच्या वयाच्या, कामाला चोख. एखादा शब्द पटला नाही तर स्वतःच पुन्हा फोन करून बदलायला सांगायच्या.

एका क्लिनिकचं मधुमेहाच्या रुग्णांसाठी पत्रक होतं. वाक्य साधं: ‘स्कॅनच्या दिवशी मेटफॉर्मिन ५०० एमजी बंद ठेवा आणि इन्शुलिन नेहमीसारखं चालू ठेवा.’ अरबीत ‘बंद ठेवा’ सगळ्यात आधी येतं, आणि औषधांची नावं व आकडा इंग्रजीतच होते. बाईंनी वर्डची फाइल पाठवली आणि ते कसं दिसायला हवं हे कळावं म्हणून सोबत पीडीएफ. मी वाक्य उचलून आमच्या इंग्रजी पत्रकात चिकटवलं आणि त्याचे तुकडे नेमके उलट्या क्रमाने लागले.

कारण क्षुल्लक होतं. पत्रक इंग्रजी, म्हणजे परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे. अरबी शब्द आपापल्या तुकड्यात बरोबर उजवीकडूनच लागतात, पण मध्ये इंग्रजी आलं की कुठला तुकडा कुठे बसणार हे परिच्छेदाची दिशा ठरवते. ती बदलायचं एक बटण असतं, ते दाबलं की संपलं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी मजकूर नुसता उजव्या कडेला सरकवला, जे निराळंच बटण आहे, आणि पीडीएफ शेजारी ठेवून एकेक तुकडा कापून हाताने जागेवर नेला. पाऊण तास गेला. चित्र हुबेहूब जुळलं, म्हणून मी स्वतःवर खूश होऊन चहा करून आणला.

छापण्याआधी क्लिनिकमधल्या एका अरबी नर्सने फाइल उघडली. दिशा चुकलेली दिसली, म्हणून तिने ते बटण दाबलं. माझे उलटे रचलेले तुकडे आता खरोखरच उलटे झाले: ‘नेहमीसारखं इन्शुलिन, स्कॅनच्या दिवशी आणि चालू ठेवा मेटफॉर्मिन ५०० एमजी, बंद ठेवा.’ नशीब, ती वाचू शकत होती. तिने लगेच आमच्याकडे कळवलं.

“त्या बाईंनी घोळ घातलाय,” आमचा आयरिश साहेब म्हणाला. “बंद करायची गोळी चालू ठेवा म्हणतायत. आता त्यांना काम नको. तुझी मांडणी मात्र ग्रँड आहे हं.”

मी जागेवर येऊन बाईंची मूळ फाइल उघडली. त्यांचं वाक्य नव्याने चिकटवलं, दिशेचं बटण दाबलं. एका क्षणात सगळं जागच्या जागी. उठून साहेबाकडे जायला दहा पावलं पुरली असती. मी फाइल बंद केली आणि अळीमिळी गुपचिळी करून बसले.

बाईंची मेल आली, दोनच ओळींची: कशी चूक झाली कळत नाही, माफ करा. साहेबाने उत्तर मलाच द्यायला सांगितलं होतं. मी लिहिलं, ‘हरकत नाही.’ मी! हरकत नाही!

घरी नवरा म्हणाला, “अगं, सांगून टाक ना. फार तर शिव्या बसतील.” माझं वर्क परमिट रिन्यू व्हायचंय, असं मी त्याला सांगितलं. ते खरंच व्हायचं होतं, पण मी गप्प होते ती लाजेने. हुशार म्हणवून घ्यायची सवय लागली की ती सोडवत नाही.

तीन आठवड्यांनी सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलला, “अच्छा, असं होय? मग घे त्यांना परत,” म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. इतकंच. एवढ्यासाठी मी एका बाईचं नाव खराब होऊ दिलं होतं.

मग ट्रलीला फोन लावला. सगळं सांगितलं, बटणासकट.

“म्हणजे माझं अरबी चुकलं नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. एक शब्दही नाही.”

“मी रोज जुनी कामं काढून वाचतेय,” त्या म्हणाल्या. “वाटलं, वय झालं, भाषा सुटायला लागली. आणखी दोन कंपन्यांना मी स्वतःच कळवून टाकलं, की आता माझ्यावर विसंबू नका.”

मी म्हटलं, त्या दोन्हीकडे मी लिहीन, चूक माझी होती असं स्पष्ट लिहीन. त्या ऐकत नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर मला झेपलं असतं. त्या रडत होत्या, आणि मध्येच थांबून मलाच थँक यू म्हणत होत्या.