आठव्या मजल्याचा कागद

नळवाल्याचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. तीस वर्षं लोकांच्या घरात पाइप जोडले. आता कुठे स्वतःचा फ्लॅट, तोही आठव्या मजल्यावर. भाड्याची खोली महिनाअखेरीस सोडायची होती. बायकोने अर्धं सामान बांधूनही टाकलं होतं. नवऱ्याची चालढकल पाहून ती शेजारणीला म्हणालीही होती, “हे पाहुण्यासारखे उंबऱ्यातच घुटमळतात.”

बिल्डरच्या ऑफिसात मॅनेजरने ताबापत्र पुढे सरकवलं. खाली ओळ होती: ताबा मिळाला, काही तक्रार नाही.

“आणि राहायच्या परवानगीचं भोगवटा प्रमाणपत्र?” नळवाल्याने विचारलं.

“आलंय की!” मॅनेजरने एक कागद दाखवला, वर नगरपालिकेचा शिक्का. बायकोचा चेहरा उजळला. तिने पेन उचलून नवऱ्याच्या हातात दिलं.

पण हा गडी कागदही पाइपलाइनसारखा वाचतो. कुठून येते, कुठे संपते ते पाहिल्याशिवाय सोडायचा नाही. बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबलं.

“साहेब, हे तळमजला ते सहावा मजला. आम्ही आठव्यावर.”

“ते अंशतः आहे हो. वरचे दोन मजले सुधारित नकाशात आहेत, मंजुरी येतेच आहे. तोवर फर्निचर करून घ्या. सातव्यावर तीन कुटुंबं राहायलाही आली.”

“त्यांना पाणी कुठून?”

मॅनेजरने ताबापत्र पुन्हा पुढे सरकवलं.

“अहो, सगळे राहतात, मग आपल्यालाच काय धाड भरलीय?” बायको पुटपुटली.

नळवाला तिच्याकडे वळला. “पूर्वी अशा एका इमारतीत मीच तात्पुरती लाइन टाकली होती. कागद विचारला नाही, आपलं काय जातंय म्हणून. पुढे वरच्या मजल्यांना मंजुरीच मिळाली नाही. कायमचं पाणी नाही, तिथले लोक घर विकायला गेले तर गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज नाकारलं, वर घर रिकामं करा म्हणून नोटीस. बिल्डर म्हणाला, ‘ताबा तुम्ही घेतलात, सही तुमची.’ त्या वरच्या मजल्यावरची एक बाई मला जिन्यात बादली घेऊन भेटायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही.”

हे त्याने बायकोला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, “आज सही नाही केलीत, तर चावी पुढच्या वर्षीही मिळेल की नाही सांगता येत नाही.”

नळवाल्याच्या डोळ्यांपुढे महिनाअखेर आली. खोली जायची, चावी नाही, सामान रस्त्यावर. बोटं पेनवर घट्ट झाली.

बायकोने ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि मॅनेजरपुढे ठेवलं. “आठवा मजला लिहिलेला कागद आणा, मग चावी द्या. आणि आम्ही तो मागितला होता, हे आत्ता लेखी घ्या. पोच शिक्क्यासकट हवी.” मग ती नवऱ्याला म्हणाली, “घरमालकाचे पाय मी धरते. तुम्ही अर्ज लिहा.”

नळवाला लिहायला बसला. अक्षर वेडंवाकडं येत होतं, आणि बायको शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती.