ओटीपी सांगणारी ऑडिटर

कुंभिवलीजवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथे पुठ्ठ्याचे खोके बनतात, आणि त्या खोक्यांची बिलं भरून भरून मी अक्षरशः विटले होते. जीएसटी, टीडीएस, महिनाअखेर, की परत पहिल्यापासून सुरू. अब्बांचं कर्जतला हार्डवेअरचं दुकान. ते म्हणायचे, पगार वेळेवर येतो, पंख्याखाली बसतेस, मग नाक कशाला मुरडतेस? पण मला ऑडिटमध्ये जायचं होतं. झालेल्या नोंदी लिहिण्यापेक्षा कुठे काय चुकू शकतं ते आधी ओळखायचं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या चुका काढायची मला लहानपणापासून हौस आहे, घरचे साक्षीला आहेत.

ही हौस पहिल्यांदा मनावर घेतली ती आमच्या अकाउंट्स मॅनेजरांनी. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. खालापूरकडच्या एका गावचे, घरी भातशेती, निवृत्तीला थोडाच अवधी राहिलेला. "शीक गं," ते म्हणाले. "हितं काय ठेवलंय? व्हाउचरं चिकटवून म्हातारी होशील."

इंटर्नल ऑडिटरच्या प्रमाणपत्राला तीन पेपर असतात. पण नुसते पेपर देऊन भागत नाही. माझ्यासारख्या पदवीधराला ऑडिटचा किंवा त्याच जातीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो वरिष्ठानं खरा म्हणून सही करून द्यावा लागतो. म्हणून सरांनी मला रोजच्या बिलांबरोबर गोदामातल्या मालाची तपासणी दिली, खरेदी नियमानं होते की नाही ते बघायला लावलं. दोन वर्षं भरली तेव्हा मी अनुभवाचा मजकूर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच लिहून सरांपुढे ठेवला. कोणीही साहेब डोळे मिटून सही ठोकतो. सरांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तू केलंस?" मी म्हटलं, तसं थोडंफार. "थोडंफार नाय चालत. काट ते." मी फणकारले, पण काटलं. मग त्यांनी सही केली.

अभ्यासाचा वर्ग ऑनलाइन होता, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. कुंभिवलीहून स्कूटीनं कर्जतला घरी पोचायचं तर मला लवकर निघावं लागे. इथे एक अडचण होती. बँकेच्या पोर्टलवर पेमेंट एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, असा नियम. टाकणारी मी, मंजूर करणारे सर. मी निघाल्यावर एखाद्या पुरवठादाराचं तातडीचं पेमेंट आलं की सर माझ्या लॉगिननं टाकायचे, ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा, आणि मग स्वतःच्या लॉगिननं मंजूर करायचे.

"आगं, आला का?" भर वर्गात फोन यायचा. मी माइक बंद करून आकडे सांगायचे. एकदा तर शिकवणारे नेमकं हेच सांगत होते, की पैसे टाकणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस झाला तर सगळं नियंत्रण पाण्यात जातं. आणि मी आपली खुर्चीतून ओटीपी वाचतेय! दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "शिकून झालं की मलाच धर पैला."

मी पास झाले. मुख्य ऑफिसनं आमच्या कारखान्यासाठी ऑडिट आणि रिस्कची एक जागा काढली आणि ती मला मिळाली. सरांनी सगळ्या खात्याला शिळफाट्याहून वडापाव मागवले. माझ्यापेक्षा तेच जास्त मिरवत होते.

मुख्य ऑफिसनं पहिलंच काम दिलं, पेमेंटचं ऑडिट. मी सांगितलं, नाही जमणार. जे काम माझ्या स्वतःच्या हाताखालून गेलंय ते मी निदान वर्षभर तपासू शकत नाही, निःपक्षपातीपणा राहत नाही. साहेब लोक खूश झाले, मुलगी नियमाची पक्की आहे म्हणाले. आणि तपासणीला बाहेरची मंडळी आणली.

त्यांना काय लागतंय शोधायला? मी गेटवर पंच करून बाहेर पडल्यानंतर माझ्या लॉगिननं पेमेंट गेलेली. एक नाही, कितीतरी.

मधल्या काळात मी फ्रॉड एक्झॅमिनरची परीक्षाही उरकली होती. पैशांचे व्यवहार आणि त्यातल्या लबाड्या, कायदा, तपास, प्रतिबंध, असे चार भाग. त्याच्या आचारसंहितेतला एक नियम मला फार आवडायचा. तपासणाऱ्यानं पुराव्यावर बोलावं, पण कोणी दोषी आहे की निर्दोष यावर मत देऊ नये. केवढा रुबाबदार नियम! मी तो मैत्रिणींनाही ऐकवायचे.

मग बैठक झाली. मुख्य ऑफिसचे संचालक, बाहेरचे ऑडिटर, समोर सर, बाजूला मी. मी काहीही लपवलं नाही. ओटीपी मीच सांगत होते, वर्गाला जायचं म्हणून सरांनी ही सवलत दिली होती, हे सगळं सांगितलं. बाहेरच्या ऑडिटरांनीही कबूल केलं की प्रत्येक पेमेंटमागे खरं बिल आहे, माल आलाय, एक रुपया इकडचा तिकडे नाही.

संचालकांनी फाइल मिटली. मला वाटतं त्यांनाही प्रकरण संपवायचंच होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत. एकच सांगा. माणूस प्रामाणिक आहे ना?"

आणि मी, शहाणी, ताठ बसून म्हणाले, "साहेब, त्यावर मत देणं माझ्या आचारसंहितेत बसत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे पाहत राहिले. संचालकांनी फाइल परत उघडली. मला ताकीद मिळाली. सरांचे मंजुरीचे अधिकार काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पंधरवडाभर बसले आणि राजीनामा देऊन निघून गेले.

मला कळायला बरेच महिने लागले. त्या खोलीत मी तपासणारी नव्हतेच! ते प्रकरण तपासायला मला मनाई होती, ती मनाई मीच मागून घेतली होती. मी तिथे साक्षीदार होते. जिनं त्या माणसाला रोज काम करताना पाहिलंय अशी साक्षीदार. तिला हो म्हणायला कुठल्या नियमानं अडवलं होतं? परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी बरोबर सोडवला असता. त्या दिवशी माझी जीभ कुठे गेली होती, या विचारानं आजही अंगाचा तिळपापड होतो.

भातकापणी उरकल्यावर मी त्यांच्या गावी गेले. सर अंगणात पोत्यांची तोंडं शिवत होते. काकूंनी पाणी दिलं आणि तशाच आत गेल्या. सरांनी अब्बांची चौकशी केली, नवं काम कसं चाललंय विचारलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "आगं, ओटीपीचं खरं सांगितलंस त्याचं कायबी वाईट नाय वाटलं मला. चूक माजी हुती. तू खोटं बोलली असतीस तर मीच तुला झापली असती."

मग दाभण पोत्यात तसंच राहिलं. "पन त्यांनी येवढं इचारलं गं. यकच सबुद बोलायचा हुता तुला."

"सर," मी म्हणाले, "तुमच्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

"ते मला म्हाईत हाय गं," सर म्हणाले.