स्विचनं घेतलेलं नाव

त्या साखर कारखान्यात ऊस वजन करणारे सगळे काटे एकाच स्विचला जोडलेले होते. स्विच म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारा डबा. एका सकाळी अकराला तो अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात वजनं थांबली आणि ट्रॅक्टरांची रांग पार हायवेला टेकली. त्या स्विचची देखभाल माझ्याकडे होती. बेळगावहून पोचेपर्यंत मॅनेजर आप्पांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता.

"आक्कानंच प्लग काढलाय. झाडायला तीच आत गेलती. उद्यापासनं येऊ नको म्हणून सांगतो."

झाडलोट करणारी आक्का दारातच उभी होती. "मी हात बी लावला न्हाय," एवढंच तिनं म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तिचाच संशय होता.

लॅपटॉप जोडला. स्विच चालू होऊन दीड तास झाला होता, म्हणजे अकराची वेळ बरोबर होती. मग बंद पडण्याचं कारण विचारलं. वीज गेल्याची नोंद नव्हती. आज्ञेवरून रीलोड, म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून पुन्हा सुरू, असं उत्तर आलं. विश्वास बसेना. स्वतःहून कोसळला असेल, तर कोसळताना तो एक क्रॅश फाइल लिहून ठेवतो, तीही नव्हती. आतला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रीलोडमध्ये पुसला गेला होता, पण त्याची प्रत सर्व्हरवर जाते. ती उघडली. सकाळी नऊ वाजता कुणीतरी अकराचा रीलोड लावून ठेवला होता. पुढे लॉगिनचं नाव होतं. माझं.

दुरून सेटिंग बदलताना आम्ही आधी असा रीलोड लावतो. चूक होऊन आपणच बाहेर अडकलो, तर स्विच ठरल्या वेळी पुन्हा सुरू होतो आणि जुनी सेटिंग परत येते. काम जमलं की तो रद्द करायचा. सकाळी घरून मी नव्या काट्याचं कनेक्शन जोडलं, आप्पांचा फोन आला, "चालू झालं की रं!" त्या आनंदात सेटिंग सेव्ह केली आणि रीलोड रद्द न करताच थेट नाष्ट्याला बसलो.

पंधरा वर्षं या डब्यांबरोबर काढली, पण त्या दिवशी थक्क झालो. ज्याच्या हातात त्या डब्याच्या सगळ्या चाव्या, त्याचंसुद्धा नाव डब्यानं झाकलं नव्हतं. पडद्यावरचं तिथं कुणालाच कळत नव्हतं. लॅपटॉप मिटला असता, तर विषय संपला असता. क्षणभर तो मोह झालाही, त्याची लाज अजून वाटते.

"आप्पा, चूक माझी आहे. आक्कानं काही केलेलं नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, आता आक्का मला चांगलंच सुनावणार. तो तिचा हक्कच होता.

ती दोन पावलं आत आली आणि हळूच म्हणाली, "मग आता तुमचं काम जातंय काय, साहेब?"